वाळलेल्या शाईचं पेन पुन्हा लिहितं करायचं कसं?

 

आजचा विषय शाईच्या पेनाचा आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी, देव्हाऱ्याच्या खणात नाहीतर पत्र्याच्या पेटीत, एखादं जुनं शाईचं पेन पडलेलं असतं. कुणाच्या वडिलांचं, कुणाच्या सासऱ्यांचं. टोपण उघडून कागदावर ओढलं की नुसता ओरखडा उठतो. मग कुणी निबेत टाचणी घालतं, कुणी पेन उकळत्या पाण्यात टाकतं, कुणी थिनर लावतं, आणि नुसतं तुंबलेलं पेन कायमचं मोडतं. म्हणून हे काम बेतानं कसं करायचं, ते आज सविस्तर सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी असंच पेन निघालं. सासऱ्यांचं होतं. ताई लग्न होऊन आल्या तेव्हा अंगठा लावायच्या. सासऱ्यांनी ओसरीवर बसवून याच पेनानं त्यांना सही गिरवायला शिकवली. आता गटाची बचतवही ताईच लिहितात. सासरे जाऊन नऊ वर्षं झाली, तेवढी वर्षं पेन शाई भरलेलंच पेटीत होतं. वही त्याच पेनानं लिहायची अशी ताईंची इच्छा. पेन घेऊन त्या बैठकीला आल्या आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते चार दिवसांत धुतलं. काय काय केलं ते सांगतोच, पण आधी पेन तुंबतं का, ते समजून घेऊ.

पेनाचं टोपण काढलं की पुढं चकचकीत निब दिसते. निबेच्या मधोमध टोकापर्यंत एक बारीक चीर असते. पेन उलटं केलं की निबेला चिकटून खाली एक काळा, पन्हाळीसारखा तुकडा दिसतो. त्याला आपल्याकडे जीभ म्हणतात. जिभेवर केसाएवढी बारीक खाच असते. मागच्या नळीतली शाई त्या खाचेतून निबेच्या चिरेत येते आणि चिरेतून कागदावर उतरते. समईची वात तेल जशी आपोआप वर ओढते, तशीच बारीक जागा शाई पुढं ओढून घेते. जेवढी शाई बाहेर जाते, तेवढी हवा जिभेवरूनच आत नळीत शिरते. हवेची वाट बंद झाली तरी पेन लिहीत नाही. डब्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही, तसंच हे.

पेन बरेच दिवस तसंच राहिलं की शाईतलं पाणी उडून जातं आणि रंग मागं राहतो. तो खाचेत आणि चिरेत खपलीसारखा बसतो. पण हा रंग मुळात पाण्यात विरघळणारा असतो, हे ध्यानात ठेवा. आपल्या आजोबांच्या काळी शाई बाटलीत तयार मिळायचीच असं नाही. पूड किंवा गोळी आणून दौतीत पाण्यात कालवायची. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि गोळ्या करायचा धंदा काढला. पुढं त्याच कंपनीला आपण कॅमलिन म्हणून ओळखू लागलो. म्हणजे पेनात वाळून बसलेली शाई ही एका अर्थी परत पूडच झालेली असते. पूड पाण्यानं विरघळते, तशी ही खपलीही विरघळते. फक्त वाट फार अरुंद असल्यामुळं पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. या कामाला जोर नाही, वेळ लागतो.

आता सामान. एक काचेचा पेला, म्हणजे पाण्याचा रंग दिसतो. मेडिकलमधून आणलेली नवी सिरिंज, दहा किंवा वीस मिलीची, सुई काढून टाकलेली. लहान मुलांचा मऊ ब्रश. जुन्या सुती साडीचे धुतलेले तुकडे. भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब. आणि पाणी. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, तवंग आणि पांढरे डाग धरतं. धुवायला ते चालेल, पण शेवटचं पाणी फिल्टरच्या जारचं घ्या. नाहीतर शाई निघते आणि तिच्या जागी क्षार बसतो. शिवाय काम सुरू करताना जुनी साडी नेसा आणि पेला ताटात ठेवा, कारण नऊ वर्षांची शाई असली तरी डाग नवाच पडतो.

पाणी थंडच, म्हणजे माठातलं किंवा नळाचं असावं. गरम पाणी नको. जुनी काळी पेनं पुष्कळदा एबोनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असतात. गरम पाण्यानं त्यांचा रंग उडून ती तपकिरी पडतात. रंगीत जुनी पेनं गरम पाण्यात मऊ पडून वाकतात. स्पिरिट, थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, रॉकेल, यातलं काहीही लावू नका. शाई निघायच्या आधी पेनच विरघळेल किंवा तडकेल.

पहिलं काम पेन उघडायचं. पुढचा भाग, म्हणजे जिथं बोटांनी धरतो तो, मागच्या नळीला आट्यांनी बसवलेला असतो. शाई वाळली की आट्या चिकटतात. पक्कड लावायची नाही. पेन निब खाली करून पेल्यात उभं करा. आटीच्या सांध्यावर अर्धा बोट पाणी राहील एवढंच भरा, अख्खं पेन बुडवू नका, कारण टोपणाची किंवा क्लिपची लोखंडी पट्टी गंजते. चार-पाच तासांनी सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा दोन्ही हातांत घेऊन पेन धरा आणि हलक्या हातानं फिरवून बघा. फिरलं नाही तर परत पाण्यात ठेवा.

ताईंचं पेन रविवारी संध्याकाळी सहाला पाण्यात उभं केलं. रात्री दहाला आटी सुटली. आत नळीच्या तळाला शाईचं काळपट कवच होतं. नळीत अर्धी पाणी भरून, तोंडावर बोट धरून हलवली आणि तीन वेळा पाणी बदललं. तेवढ्यात नळी स्वच्छ झाली. नळी नेहमी लवकर निघते, कारण तिचं तोंड मोठं असतं. खरा वेळ पुढच्या भागाला लागतो.

तो पुढचा भाग आता एकटाच पेल्यात ठेवायचा. निब खाली, आणि पाणी सगळा भाग बुडेल एवढं. पेल्याच्या तळाला सुती फडकं अंथरा म्हणजे निबेचं टोक काचेवर आपटणार नाही. थोड्याच वेळात निबेतून शाईचा निळा धागा खाली उतरताना दिसेल. तो दिसला की समजायचं, वाट पूर्ण बंद नाही. पाणी गडद झालं की ओतून नवं भरायचं. गडद पाण्यात रंग आणखी विरघळायचा वेग कमी होतो, म्हणून पाणी बदलणं हेच मुख्य काम. ताईंच्या पेनाचं पाणी रात्री एकदा आणि सोमवारी दिवसभरात चार वेळा बदललं.

सोमवारी संध्याकाळी सिरिंज घेतली. पुढच्या भागाच्या मागच्या बाजूला, जिथून नळीतली शाई आत येते, तिथं एक भोक असतं. सिरिंजचं तोंड त्यात टेकवायचं, भोवती ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळून फट बुजवायची, निबेचं टोक दुसऱ्या पेल्यात खोल धरायचं आणि दांडा सावकाश दाबायचा. पाणी निबेतून बाहेर येईल. आलं नाही आणि दांडा घट्ट लागला, तर जोर करू नका. तुंबलेल्या नळाला मोटर जोडली तर पाइपच फुटतो. जोरानं दाबलं तर जीभ सुटून बाहेर येते किंवा पुढच्या भागाला चीर जाते. परत भिजत घाला आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी येत असेल तर दांडा मागं ओढून तेच पाणी उलटंही ओढून घ्या. पुढं-मागं केल्यानं कडेला चिकटलेला रंग सुटतो.

दाबायच्या रबरी पिशवीचं पेन असेल, म्हणजे ज्यात आतली पत्र्याची पट्टी दाबून शाई ओढतो, तर सिरिंज लागत नाही. निब पाण्यात बुडवून पट्टी दाबा, सोडा, मनात पाचपर्यंत मोजा आणि परत दाबा. असं दहा-बारा वेळा करा. दाबताना आत कुरकुर आवाज आला तर थांबा. आतली पिशवी कडक होऊन फुटायला आलेली असते आणि तिला नवी पिशवीच बसवावी लागते. ते काम पेन दुरुस्त करणाऱ्याचं आहे.

आता फसगत कुठं होते ते सांगतो. सिरिंजनं पाच-सहा वेळा पाणी सोडलं की बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसायला लागतं, आणि आपण म्हणतो, झालं. पण ओढ्याला पूर येतो तेव्हा मधला गाळ जातो आणि काठावरचा तसाच राहतो. तसं जिभेच्या कडेच्या बारीक खाचांत शाई बसून असते. म्हणून खात्री पाण्याच्या धारेवरून करायची नाही. स्वच्छ पाणी भरून पुढचा भाग रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पेल्याखाली पांढरा कागद धरून बघायचं. पाण्याला फिकटसुद्धा निळसर झाक असेल, तर काम राहिलंय. दुसरी परीक्षा, निबेचं टोक पांढऱ्या सुती कापडावर किंवा टीपकागदावर टेकवून पाच मिनिटं धरायचं. ठिपका रंगीत आला तर अजून शाई आहे, नुसता ओला आला तर निघाली.

ताईंच्या पेनाचं पाणी सोमवारी रात्री काचेसारखं स्वच्छ होतं, आणि मंगळवारी सकाळी पुन्हा निळसर झालं. मग एका पेल्यात साबणाचा एकच थेंब घालून त्यात दोन तास ठेवलं. साबणानं पाणी बारीक जागेत नीट शिरतं. त्यानंतर मऊ ब्रशनं जिभेच्या खालच्या बाजूच्या खाचांवर हलकेच, टोकाच्या दिशेनं ब्रश फिरवला. तेव्हा एक दोरा बाहेर आला, बहुधा जुन्या फडक्याचा, शाईनं काळा झालेला. तो चिमट्यानं बाजूनं ओढून काढला. मग साबण जाईपर्यंत, म्हणजे सात-आठ वेळा, साधं पाणी सोडलं. साबण आत राहिला तर शाई कागदावर पसरते आणि अक्षराला पाय फुटतात, म्हणून ही धुणी चुकवू नका. मंगळवारी रात्री जारच्या पाण्यात ठेवलं, आणि बुधवारी सकाळी पाणी जसंच्या तसं होतं.

निबेच्या चिरेत टाचणी, सुई, ब्लेड काहीही घालायचं नाही. चिरेच्या दोन पाकळ्या टोकाला एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. टाचणीनं त्या फाकल्या तर पुढं शाई चिरेत राहत नाही, किंवा कागदावर सांडते. वाकडी झालेली निब घरच्या घरी सरळ होत नाही.

आता कुणी विचारेल, निब आणि जीभ उपसून धुवावी का? बहुतेक वेळा गरज पडत नाही. तीन-चार दिवस भिजवूनही पाणी अजिबात पार होत नसेल तरच ते करायचं, आणि तेही दोन अटींवर. पेन साधं, ड्रॉपरनं शाई भरायचं असावं. आणि निब उघडी असावी. ज्या पेनाची निब झाकलेली असते, नुसतं टोक दिसतं, त्याची निब उपसायला जाऊ नका. उपसायची तर पुढचा भाग आधी पाण्यात भिजलेला असावा. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं निब आणि जीभ दोन्ही एकत्र, अंगठा आणि तर्जनीत धरा. निबेचं टोक दाबायचं नाही, रुंद भाग धरायचा. डावीकडे-उजवीकडे हलवू नका. सरळ रेषेत ओढा. उपसायच्या आधी निब किती बाहेर आहे, ते कागदावर पेनाशेजारी रेघ मारून ठेवा. परत बसवताना निबेची चीर जिभेच्या खाचेवर बरोबर मध्यावर आली पाहिजे. बाजूला सरकली की शाई चिरेपर्यंत पोचत नाही.

टोपणही विसरू नका. त्याच्या आत वाळलेली शाई असते. काडीला ओलं कापड गुंडाळून आतून पुसा, नाहीतर स्वच्छ केलेली निब पहिल्या दिवशीच बरबटते.

मग वाळवणं. पेल्यात तळाला कोरडं फडकं घालून पुढचा भाग निब खाली करून ठेवा. फडकं आतलं पाणी हळूहळू ओढून घेतं. एक रात्र लागते. सावलीत ठेवा, उन्हात किंवा चुलीजवळ नको. घाईनं भरलं तर आत राहिलेल्या पाण्यात शाई मिसळते आणि पहिल्या काही ओळी फिकट येतात.

गुरुवारी बैठकीत पेन भरलं. ड्रॉपरनं नळी आटीच्या खालपर्यंत भरली, आटी लावली आणि निब खाली धरून दोन-तीन मिनिटं थांबलो, कारण शाईला जिभेतून उतरायला वेळ लागतो. पहिल्यांदा काही आलं नाही. मग ओल्या कापडावर निब टेकवली, शाई ओढली गेली, आणि ताईंनी जुन्या वहीच्या कोपऱ्यावर सही केली. पहिली सही फिकट आली, दुसरी गडद आली. बचतवहीत त्या दिवशीच्या जमा रकमा ताईंनी त्याच पेनानं लिहिल्या.

पेन लिहितं का ते बघायला वहीचा साधा कागद घ्या. आपल्या भिगवणच्या कागद कारखान्यात होतो तसला लेप दिलेला, चकचकीत कागद किंवा लग्नपत्रिका घेऊ नका. त्या कागदात शाई शिरत नाही, वर तशीच राहते आणि हाताला पुसली जाते. पेन बरोबर असूनही बिघडल्यासारखं वाटतं.

सगळं स्वच्छ झालं आणि तरीही पेन लिहीत नसेल, तर निब उजेडासमोर धरून बघा. चीर अगदी टोकापर्यंत बंद दिसली, किंवा दोन पाकळ्या वरखाली दिसल्या, तर ते तुंबणं नाही, निब बिघडलीय. पुढच्या भागाला तडा असेल, निबेला खड्डे पडले असतील, तर पाणी त्याला काही करू शकत नाही. जिभेत शिक्क्याच्या पॅडची शाई किंवा चित्रकलेची पक्की, पाण्यानं न निघणारी शाई गेली असेल, तर तीही नुसत्या पाण्यानं निघणार नाही. म्हणून पेनात शाईच्या पेनाचीच शाई भरा. शिक्क्याची शाई संपली की पेनातली भरायची आणि पेनातली संपली की शिक्क्याची, असं काही ठिकाणी चालतं. ते करू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची शाईही एकत्र मिसळू नका, कधीकधी तिचा गाळ होतो.

शेवटची एक गोष्ट, पेन पुन्हा तुंबू नये म्हणून. आठवड्यातून एकदा तरी चार ओळी लिहा, आणि लिहून झालं की टोपण लगेच लावा. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी असते, उघडं पेन तासाभरातच वाळायला लागतं. महिनाभर लागणार नसेल तर शाई काढून, पेन धुऊन, वाळवून ठेवा. रोज वापरत असाल तर दीड-दोन महिन्यांनी एकदा साध्या पाण्यानं धुवा. आणि ड्रॉपरचं पेन अर्ध्याखाली गेलं की भरून ठेवा. नळीत शाई कमी आणि हवा जास्त झाली की हाताच्या उबेनं ती हवा फुगते, शाईला ढकलते, आणि वहीवर मोठा ठिपका पडतो.

पेटीतलं पेन आज काढून बघा. निबेतून निळा धागा उतरला की पाणी बदलत राहा आणि सकाळपर्यंत थांबा. तुमच्या पेनाला काही वेगळी अडचण आली, तर गटाच्या बैठकीत आणा. पेला आणि सिरिंज आमच्याकडं आहे.

नमस्कार.